परवा परत येता येईल इतकंच

आमच्या जिममध्ये नवीन नाव नोंदवलेल्यांना मी महिन्यातल्या एका रविवारी सकाळी एकत्र बसवतो. त्या वेळी मशीन बंद असतात आणि गाणीही बंद असतात. समोर इचलकरंजीतली सगळ्या तऱ्हेची माणसं असतात. यंत्रमागावर रात्रपाळी करून थेट आलेला असतो, पतसंस्थेत कॅशियर असलेल्या बाई असतात, पोलीस भरतीची जाहिरात येणार म्हणून घाईला आलेली मुलं असतात आणि डॉक्टरांनी साखरेचं सांगितलं म्हणून आलेले निवृत्त गुरुजीही असतात. त्यांच्याशी मी अर्धा तास बोलतो. ते बोलणं सविस्तर लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं, कारण ऐकताना सगळे माना डोलावतात आणि तिसऱ्या आठवड्यात नेमकी तीच गोष्ट विसरतात.

माझं पहिलं वाक्य ठरलेलं आहे. "आज व्यायाम इतकाच करायचा, की परवा परत येता येईल."

याचा अर्थ कमी करा, आळस करा असा नाही. पहिल्या पंधरवड्यात व्यायाम मोजायचं माप वेगळं असतं. आज किती घाम आला हे ते माप नव्हे. आजचा व्यायाम आणि परवाचा व्यायाम यांच्यामध्ये काय झालं, ते बघायचं. शरीर बदलतं ते त्या मधल्या वेळात. जिममध्ये आपण फक्त त्याला निमित्त देतो.

नवीन माणूस जोशात पहिल्या दिवशी शंभर बैठका मारतो. त्या दिवशी त्याला काही होत नाही, उलट फार छान वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मांड्या आंबलेल्या असतात, आणि तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरावं लागतं. पुष्कळ जण म्हणतात, अंगात अॅसिड साठलं. तसं नसतं. लोक ज्याला अॅसिड म्हणतात ते व्यायामाच्या वेळी वाढलेलं लॅक्टेट तासाभरात जवळजवळ पूर्वीच्या पातळीवर येतं. हे दुखणं स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेचं आणि त्यानंतरच्या सुजेचं असतं, म्हणून ते उशिरा येतं आणि साधारण 24 ते 72 तासांत सर्वांत जास्त जाणवतं. वजन उचलण्यापेक्षा ते सावकाश खाली आणताना, म्हणजे बैठकीत खाली जाताना, ही इजा जास्त होते. जिना चढण्यापेक्षा डोंगर उतरल्यावर पाय जास्त दुखतात, त्याचंही कारण हेच.

आता यातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट. तोच व्यायाम थोड्या दिवसांनी पुन्हा केला, तर दुखणं पुष्कळ कमी होतं. एकदा झालेल्या कामाची स्नायूंना जणू ओळख होते आणि ती ओळख काही आठवडे टिकते. त्यानंतर ती पुसट होत जाते. म्हणजे जो माणूस दोन-चार दिवस येतो, दोन महिने गायब होतो आणि मग पुन्हा नव्या उमेदीने सुरू करतो, त्याच्या वाट्याला दर वेळी पहिल्या दिवसाचंच दुखणं येतं. पाचव्या आठवड्यातला व्यायाम कसा असतो हे त्याला ठाऊकच नसतं. मग तो प्रामाणिकपणे सगळ्यांना सांगतो की व्यायाम म्हणजे नुसता त्रास. त्याचं खोटं नसतं. त्याने व्यायामाची फक्त सुरुवातच भोगलेली असते, तीही अनेकदा.

इथे मी थोडा थांबतो आणि एक इशारा देतो, कारण यात जीवही जाऊ शकतो. सवय नसताना पैजेवर शेकडो बैठका मारल्या, किंवा उन्हाळ्यात बंद खोलीत थकून पडेपर्यंत एकच व्यायाम केला, तर स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणावर फुटतात आणि आतला माल रक्तात उतरतो. तो गाळताना मूत्रपिंडावर ताण येतो. याची खूण म्हणजे लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा गडद तपकिरी होतो, स्नायू टणक सुजतात आणि हात किंवा पाय धड वाकत नाही. असं दिसलं तर मालिश, हळद-दूध, विश्रांती असलं काही करत बसायचं नाही. तडक हॉस्पिटल गाठायचं. वाचल्यावर घाबरण्याचं कारण नाही. हे क्वचित घडतं आणि ज्याला परवा परत यायचंय त्याच्या बाबतीत सहसा घडत नाही.

मग मी त्यांना क्रम सांगतो. व्यायाम सुरू केल्यावर शरीरात सगळं एकदम बदलत नाही, पाळीपाळीने बदलतं. सर्वांत आधी शिकतात त्या नसा, म्हणजे मेंदूकडून स्नायूकडे जाणारा हुकूम. पहिल्या तीन-चार आठवड्यांत ताकद झपाट्याने वाढते. पाच किलोचं डंबेल जड वाटत होतं, ते साडेसात किलोचं सहज उचललं जातं, पण दंडाचं माप तेवढंच राहतं. लोकांना हे कोडं वाटतं. स्नायू फारसा वाढलेला नसतो, पण जो आहे त्यातले जास्त तंतू एका वेळी कामाला लावायला शरीर शिकलेलं असतं. त्यानंतर, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, स्नायूंची वाढ नजरेला दिसण्याइतकी होते. आणि सगळ्यात मागून येतात ते स्नायूला हाडाशी बांधणारे कंडरे, सांध्यांचे बंध आणि हाडं. त्यांच्यातलं काम महिनोन्‌महिने चालतं.

या क्रमातच घाईचा धोका दडलेला आहे. सहाव्या आठवड्यात अंगात नवी ताकद असते, पण ती पेलणारे कंडरे अजून जुनेच असतात. पोलीस भरतीची मुलं दरवर्षी हेच दाखवून देतात. मुलांना 1600 मीटर पळायचं असतं, 100 मीटर पळायचं असतं, गोळा फेकायचा असतो. मैदानी चाचणीला महिना राहिला की ती रोज डांबरी रस्त्यावर पळायला लागतात. दम दोन-तीन आठवड्यांत सुधारतो, म्हणून ती अंतर दुप्पट करतात. नंतर नडगीच्या आतल्या कडेला दुखू लागतं. दुखणं पळताना कमी होतं म्हणून ती तसंच रेटतात. बोटाने दाबल्यावर नडगीवर एकाच ठिकाणी कळ येत असेल, किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्यावी लागते, आणि मग ती भरती तर जातेच, पुढचे दोन महिनेही जातात. तयारी चार-पाच महिने आधी, आठवड्यातून तीन दिवस, मातीच्या मैदानावर सुरू केली असती तर तीच मुलं निभावली असती.

कोल्हापूरकडच्या तालमीत वस्ताद नव्या पोराला आल्याआल्या लढायला उतरवत नसत. आधी हौद्यातली माती खोऱ्याने उकरायची, थोडे जोर, थोड्या बैठका, आणि आकडा वस्ताद सांगतील तेव्हाच वाढवायचा. त्यात शिस्त होती, मान होता, पण शरीरशास्त्रही होतं. खोरं ओढून पाठ, मनगट, खांदे महिनोन्‌महिने हळूहळू तयार होत आणि मगच त्यांच्यावर दुसऱ्या माणसाचं वजन पडे. आपण काचेचे दरवाजे आणि एसी बसवला, पण हाडाचा वेग काही वाढलेला नाही.

आता एक उदाहरण पूर्ण सांगतो. ते मी भाषणातही सांगतो, आणि ज्यांचं आहे त्या ताईंनीच सांगायला परवानगी दिली आहे. त्या 42 वर्षांच्या, पतसंस्थेत बसून काम करणाऱ्या. जुलैच्या पहिल्या आठवड्यात आल्या. वजन 74.2 किलो, बेंबीच्या रेषेत कंबर 97 सेंटीमीटर. जमिनीवर बसून उठताना गुडघे कुरकुरत. भाच्याचं लग्न होतं आणि दोन महिन्यांत दहा किलो कमी करायचे होते.

मी त्यांच्यासमोर कागदावर हिशोब मांडला. एक किलो चरबीत साधारण 7700 कॅलरी असतात. दहा किलोंच्या झाल्या 77,000. त्या साठ दिवसांत जाळायच्या तर रोज जवळजवळ 1,300 कॅलरींची तूट हवी. त्यांच्या शरीराला दिवसभरात लागत होत्या अंदाजे 1,900. म्हणजे खायला उरल्या 600. ऑफिस, स्वयंपाक, सासूबाईंचं पथ्यपाणी सांभाळून 600 कॅलरींवर दोन महिने माणूस राहू शकत नाही, आणि राहिलाच तर चरबीबरोबर स्नायूही झिजवतो. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "मग किती धरू?" मी म्हटलं, "तीन महिन्यांत तीन किलो. आणि गुडघे."

सोमवार, बुधवार, शुक्रवार असे दिवस ठरले. पहिल्या दोन आठवड्यांत व्यायाम इतका थोडा होता की त्यांना पैसे वाया गेल्यासारखं वाटलं असावं. खुर्चीवर टेकून पुन्हा उठायचं, आठ वेळा, दोन सेट. भिंतीला हात टेकून जोर. लॅट पुलडाउनला, म्हणजे वरची दांडी छातीकडे ओढायच्या मशीनवर, पंधरा किलो. शेवटी दहा मिनिटं चालणं. सगळं मिळून पस्तीस मिनिटं. दुखलं, पण दुसऱ्या दिवशी कामावर जाता आलं आणि परवा परत येता आलं.

तिसऱ्या आठवड्यात छातीशी पाच किलोचं डंबेल धरून तीच बैठक सुरू झाली, तीन सेट. नियम सोपा होता. आठ वेळांपासून सुरुवात करायची, तिन्ही सेटमध्ये बारा वेळा नीट जमलं की पुढचं डंबेल घ्यायचं आणि पुन्हा आठवर यायचं. "नीट" या शब्दाचा अर्थही ठरलेला होता. टाच उचलायची नाही, गुडघा आत वळू द्यायचा नाही, आणि शेवटच्या खेपेला आणखी दोन-तीन जमल्या असत्या असं वाटलं पाहिजे. पाचव्या आठवड्यात साडेसात किलो, सातव्यात दहा, नवव्यात साडेबारा. मी काही वेगळं केलं नाही. दर वेळी वहीत आकडा लिहिला, आणि पुढच्या वेळी ती वही उघडली.

पण मधे तिसऱ्या आठवड्याचा प्रसंग आला, आणि तो जवळजवळ प्रत्येकाच्या बाबतीत येतो. पहिल्या आठवड्यात त्यांनी रात्रीचा भात आणि चहातली साखर बंद केली. काटा 72.6 वर आला. घरी कौतुक झालं. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी काटा 73.4 दाखवायला लागला. त्या रडकुंडीला आल्या. म्हणाल्या, उद्यापासून एकच भाकरी खाते आणि तासभर ट्रेडमिल करते.

मी त्यांना बसवून सांगितलं ते असं. शरीरात साखरेचा साठा असतो, स्नायूंत आणि यकृतात मिळून अर्ध्या किलोच्या आसपास. त्यातला प्रत्येक ग्रॅम स्वतःबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. भात-साखर कमी केली की हा साठा उतरतो आणि त्याच्याबरोबर पाणीही जातं. पहिल्या आठवड्यातले दीड किलो हे मुख्यतः ते पाणी होतं. चरबी त्यात फार थोडी होती. पुढे व्यायाम वाढला, स्नायूंमध्ये दुरुस्तीसाठी पाणी साठलं, साखरेचा साठाही थोडा भरला, आणि काटा वर गेला. त्या दोन आठवड्यांत चरबी कमीच होत होती, फक्त पाण्याने ती झाकली होती. बायकांना पाळीच्या आधीचे दिवस वेगळे, खारट जेवलेल्याचा दुसरा दिवस वेगळा. एकाच माणसाचा काटा एका आठवड्यात किलो-दीड किलोने खालीवर होतो. म्हणून मी एका दिवसाचा आकडा मानत नाही. आठवड्यात तीन-चार वेळा, सकाळी पोट साफ झाल्यावर वजन करायचं आणि त्याची सरासरी या महिन्याची त्या महिन्याशी ताडून पाहायची. ज्यांना काट्याने जीव घाबरा होतो त्यांनी महिन्यातून एकदा कंबर मोजावी. टेप खोटं बोलत नाही, फक्त दर वेळी तीच जागा आणि तोच सैलपणा पाहिजे.

त्या दिवशी त्यांनी एक भाकरी आणि एक तास ट्रेडमिल केलं असतं, तर चौथ्या आठवड्यात थकवा, पाचव्यात गुडघा आणि सहाव्यात नाव बंद, हा रस्ता मी पुष्कळदा पाहिला आहे. त्याऐवजी भाकऱ्या होत्या तेवढ्याच राहिल्या, आणि ताटात मटकीची उसळ, दही किंवा दोन अंडी वाढली. पावडरचं विचारतात तेव्हा मी सांगतो की ती विष नाही आणि जादूही नाही. वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण 1.2 ग्रॅम प्रथिनं जेवणातून मिळत असतील तर नवीन माणसाला तिची गरज नाही.

दहाव्या आठवड्यात गणपती आले. त्या पूर्ण आठवडा आल्या नाहीत. गौरींच्या जेवणापासून विसर्जनापर्यंत येणं शक्यच नव्हतं. परत आल्या तेव्हा चेहऱ्यावर असं होतं की सगळं पाण्यात गेलं. मी वही उघडली आणि साडेबाराऐवजी दहा किलोचं डंबेल दिलं. दोन-तीन आठवड्यांच्या खंडाने ताकद फारशी जात नाही. जातो तो सराव, आणि पहिल्या दिवसाचं दुखणं थोडं परत येतं. एक पायरी खाली उतरून सुरू केलं की दुसऱ्या आठवड्यात माणूस पूर्वीच्या जागी असतो. त्या बाराव्या आठवड्यात पुन्हा साडेबारावर होत्या. वजन 71.3, कंबर 91. जमिनीवरून उठताना हात टेकावा लागत नव्हता. हे त्यांनी मला सांगितलं नाही, त्यांच्या सासूबाईंनी घरी म्हटलं आणि ते त्यांनी मला सांगितलं.

खंड पडेल हे मी म्हणूनच आधीच सांगून ठेवतो. आपल्याकडे श्रावण येतो, गणपती येतात, लग्नसराई येते, मुलांच्या परीक्षा येतात, मालक पाळी बदलतो. चुकणार नाही असा निश्चय करणाऱ्या माणसाची मला जास्त काळजी वाटते, कारण पहिला दिवस चुकला की त्याचा निश्चयच मोडतो. आमच्याकडे एवढाच नियम आहे की एक चुकली तर पुढची चुकवायची नाही. वेळ किंवा अंगात दम नसेल तर येऊन पहिला व्यायाम एक सेट करायचा, सही करायची आणि घरी जायचं. ती सही मला पूर्ण व्यायामाइतकीच मोलाची वाटते.

एकवीस दिवसांत सवय लागते असं सगळे ऐकून आलेले असतात. त्या आकड्याचं मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लॅस्टिक सर्जनच्या निरीक्षणात आहे. ऑपरेशननंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान एकवीस दिवस लागतात, असं त्यांनी 1960 मध्ये लिहिलं. त्यातलं "निदान" गळालं आणि चेहराही गळाला. पुढे लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 लोकांना रोजच्या एखाद्या ठरावीक वेळेला जोडून एक नवी गोष्ट बारा आठवडे करायला सांगितली. ती न ठरवता आपोआप व्हायला लागेपर्यंत मधला आकडा आला 66 दिवस, आणि माणसामाणसातला फरक, बारा आठवड्यांच्या पुढचा अंदाज धरून, 18 पासून 254 दिवसांपर्यंतचा. पाणी पिण्यासारखी गोष्ट लवकर बसली, व्यायामाला जास्त वेळ लागला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं.

त्यातली "ठरावीक वेळेला जोडून" ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. "संध्याकाळी जमेल तसं येतो" म्हणणारा दुसऱ्या महिन्यात दिसत नाही. त्या ताई ऑफिस सुटल्यावर आधी घरी जात होत्या, आणि घरी गेल्यावर कोणतीही बाई सहजासहजी पुन्हा बाहेर पडत नाही. पहिल्याच आठवड्यात आम्ही ठरवलं की बूट आणि कपडे सकाळी ऑफिसलाच न्यायचे आणि तिथूनच यायचं. रात्रपाळीवाल्यांना मी सकाळी सुटल्यावर या म्हणत नाही. तेव्हा अंगात झोप असते आणि वजनाखाली पाय डगमगतो. झोपून उठल्यावर, पाळीला जायच्या आधी दीड तास, ही त्यांची वेळ.

शेवटी मी फीचं बोलतो. वर्षाची फी एकदम घेणं जिमला परवडतं, कारण नोंदवलेले सगळे एकाच वेळी आले तर उभं राहायलाही जागा पुरणार नाही. न येणाऱ्यांच्या पैशावर हा धंदा बराचसा चालतो, हे नव्या माणसाला माहीत असलं पाहिजे. म्हणून आमच्याकडे पहिल्यांदा येणाऱ्याला फक्त तीन महिन्यांचं कार्ड मिळतं. वर्षाच्या ऑफरबद्दल विचारलं तरी मी देत नाही. तीन महिने झाले की वही समोर ठेवून बसायचं आणि पुढचं ठरवायचं.

प्रश्न विचारा म्हटल्यावर बहुतेक वेळा एखादा तरुण मुलगा हात वर करतो. मागच्या खेपेच्या मुलाने विचारलं, "सर, आरशात कधी दिसणार?"

मी त्याला सांगितलं की तुझ्या वयात, आठवड्याला तीन दिवस आणि पोटभर जेवण असेल, तर शर्टाच्या बाहीला अडीच-तीन महिन्यांत कळेल. तोपर्यंत वहीत दिसेल. मग गुरुजींना विचारलं की रक्तदाबाची आणि साखरेची गोळी कोणती, ती कार्डावर लिहून घेतली, छातीत कधी दडपण येतं का ते विचारलं आणि डॉक्टरांची चिठ्ठी आणल्यावर सुरू करू असं ठरवलं. बाकीच्यांना खुर्च्या रांगेत लावायला सांगितल्या. त्याच खुर्च्यांवर टेकून उठायचं, आठ वेळा, दोन सेट.

मुलगा म्हणाला, "एवढंच?"

"आज एवढंच," मी म्हटलं. "मंगळवारी साडेसहाला ये."